बोअरच्या पाण्यासाठी आरओ की यूव्ही? कोल्हापूर परिसरातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

## घरात बोअरचं पाणी आहे. आरओ घ्यावा की यूव्ही?

या दोन मशीनची कामं वेगळी आहेत. यूव्ही म्हणजे २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचा दिवा. काचेच्या नळीभोवतीने पाणी जातं आणि त्यातले जिवाणू-विषाणू निकामी होतात. पाण्यात विरघळलेल्या कशालाच हा दिवा हात लावत नाही. क्षार, नायट्रेट, फ्लोराईड, खारट चव, सगळं जसंच्या तसं पुढे येतं. आरओमध्ये पंपाच्या दाबाने पाणी मेम्ब्रेन नावाच्या अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून ढकललं जातं. विरघळलेले क्षार बहुतांश मागे राहतात आणि थोड्या पाण्यासोबत सांडपाण्याच्या नळीतून बाहेर पडतात.

म्हणून निवड एका प्रश्नावर येते. तुमच्या बोअरची अडचण जंतूंची आहे की विरघळलेल्या पदार्थांची? शेजाऱ्याकडे कोणतं मशीन आहे यावरून ते ठरत नाही. करवीर, हातकणंगले, शिरोळ या पट्ट्यात काळ्या बेसॉल्ट दगडातून येणारं पाणी सहसा जड असतं, आणि उसाच्या रानाजवळच्या बोअरला नायट्रेटचीही शक्यता असते. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीत खारेपणा आणखी वाढतो. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा भागातल्या जांभ्या खडकातलं पाणी बऱ्याचदा मऊ असतं, तिथे लोहाकडे लक्ष द्यावं लागतं. हा अंदाज झाला. एकाच गल्लीत शंभर फुटांवरच्या दोन बोअरचं पाणी वेगळं निघतं, त्यामुळे तपासणीला पर्याय नाही.

## तपासणी कुठे आणि कोणती करायची?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची पाणी तपासणी प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळाही चालेल. "पाणी पिण्यायोग्य आहे का बघा" एवढंच सांगून नमुना देऊ नका. अहवालात सात गोष्टी मागून घ्या: टीडीएस म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण, एकूण काठिण्य म्हणजे पाण्याचा जडपणा, नायट्रेट, फ्लोराईड, लोह, गढूळपणा आणि कॉलिफॉर्म जिवाणू.

नमुना वरच्या टाकीचा नको, बोअरच्या थेट पाईपचा हवा. मोटर दहा मिनिटं चालवून जुनं पाणी जाऊ द्या आणि मग भरा. रासायनिक तपासणीला एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली पुरते, ती आधी त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा. जिवाणूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली घ्या. ती विसळायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. उशीर झाला तर आकडा भरवशाचा राहत नाही.

तपासणी वर्षातून दोनदा करावी, एकदा मेमध्ये आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली की क्षार वाढलेले दिसतात. पावसाळ्यात क्षार थोडे उतरतात, पण वरून झिरपणारं पाणी जंतू घेऊन येतं. एकाच ऋतूतला अहवाल बघून मशीन घेतलं तर अर्धंच चित्र हातात असतं.

## अहवालातले कोणते आकडे निर्णय ठरवतात?

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे टीडीएस दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतो. एकूण काठिण्याला हेच आकडे २०० आणि ६००, फ्लोराईडला १ आणि १.५. नायट्रेटची मर्यादा ४५, आणि तिला सवलत नाही. दुसरा स्रोत असो वा नसो, ४५ च्या वर गेलं की ते पाणी पिण्यासाठी नाही. कॉलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. दारात आलेला विक्रेता टीडीएस मीटर बुडवतो, ७०० आकडा दाखवतो आणि आरओ खपवतो. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतो. तो आकडा चुन्याचा आहे, मिठाचा आहे की नायट्रेटचा, हे त्याला कळत नाही. जिवाणू तर त्याला दिसतच नाहीत. टीडीएस ६५० असून नायट्रेट १२ असलेलं पाणी चवीला मचूळ असेल, पण तेवढ्यावरून घातक म्हणता येणार नाही. टीडीएस ४५० असून नायट्रेट ७० असलेलं पाणी चवीला छान लागेल, आणि घरात तान्हं बाळ असेल तर तेच धोक्याचं आहे.

अहवाल वाचताना एक बारीक गोष्ट बघा. काही प्रयोगशाळा "नायट्रेट" लिहितात, काही "नायट्रेट-नायट्रोजन". दुसऱ्या प्रकारचा आकडा ४.४ ने गुणला की पहिल्या प्रकारचा मिळतो. म्हणजे "नायट्रेट-नायट्रोजन १४" वाचून निर्धास्त होऊ नका, ते ६२ नायट्रेट झालं.

## विक्रेत्याने पाण्यात दोन सळ्या घालून पाणी तपकिरी करून दाखवलं. आमचं पाणी एवढं घाण आहे का?

नाही. त्या सळ्यांपैकी एक लोखंडाची असते. वीज सोडली की लोखंडच विरघळून गंजाचा गाळ तयार होतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज चांगली वाहते, म्हणून तुमच्या पाण्यात गाळ भरपूर दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून तिथे काही होत नाही. मऊ, चांगल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून हाच प्रयोग केला तरी पाणी तपकिरी होईल. या प्रयोगावरून कोणतंही मशीन घेऊ नये.

## मग यूव्ही कधी पुरेसा आहे?

जेव्हा अहवालात नायट्रेट, फ्लोराईड मर्यादेत आहेत, टीडीएस पाचशेच्या आत आहे, आणि अडचण फक्त जिवाणूंची आहे. पण बोअरच्या पाण्यात यूव्हीला आणखी अटी लागतात, आणि त्या दुकानात कुणी सांगत नाही.

पाणी स्वच्छ दिसणारं हवं. गढूळपणा एक एककाच्या आसपास असावा. पाच ओलांडला की मातीच्या कणाआड जिवाणू लपतात आणि प्रकाश त्यांच्यापर्यंत पोचत नाही. लोह ०.३ मिलिग्रॅमच्या आत हवं. आणि काठिण्य साधारण १२० च्या आत हवं, ही अट आपल्याकडे सर्वांत जास्त मोडली जाते. दिव्याभोवतीची क्वार्ट्झची नळी गरम होते आणि जड पाण्यातला चुना तिच्यावर पांढरा थर धरतो. दिवा पेटलेला दिसतो, मशीनवरचा हिरवा इंडिकेटर लागलेला असतो, पण प्रकाश थरातच अडकतो आणि जिवाणू जिवंत बाहेर येतात. काठिण्य ३०० असलेल्या बोअरवर थेट यूव्ही बसवला तर काही महिन्यांत ही अवस्था येते आणि घरातल्यांना पत्ताही लागत नाही.

अशा ठिकाणी आधी सॉफ्टनर बसवून मग यूव्ही लावता येतो. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. त्याने टीडीएस उतरत नाही आणि नायट्रेटही जात नाही, फक्त थर बसायचा थांबतो. गिझरची कॉईल आणि नळांसाठी पूर्ण घराचा सॉफ्टनर बसवला असेल, तर त्याच्या पुढे यूव्ही हा चांगला मार्ग आहे. घरात कुणाला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल, तर पिण्याच्या पाण्याआधी त्यांचा सल्ला घ्यावा.

यूव्हीचा दिवा जळला नसला तरी वर्षाने बदलायचा. साधारण ९००० तासांनंतर दिवा डोळ्यांना तसाच दिसतो, पण त्याचा मारा कमी झालेला असतो. यूव्हीमधून निघालेल्या पाण्याला पुढे कसलंच संरक्षण नसतं, म्हणून ते भरून दोन-दोन दिवस ठेवू नये.

## एक खरा वाटेल असा अहवाल घेऊन समजावून सांगाल का?

उदाहरणादाखल उचगावच्या बाजूचं एक घर धरू. पूर्वी तिथे उसाचं रान होतं, आता प्लॉट पडले आहेत. बोअर २०० फूट, घरात पाच माणसं, एक बाळ. शेजारच्या प्लॉटचा शौचखड्डा बोअरपासून ३० फुटांवर. अहवाल असा: टीडीएस ७८०, काठिण्य ४२०, नायट्रेट ६२, फ्लोराईड ०.४, लोह ०.१, गढूळपणा १, कॉलिफॉर्म आढळले.

टीडीएस आणि काठिण्य त्रासदायक आहेत, तरी दुसरा स्रोत नसताना मानकात बसतात. निर्णय नायट्रेटवर होतो. ६२ ला यूव्ही काही करू शकत नाही, यूएफची पोकळ धाग्यांची गाळणीही नाही, आणि उकळल्याने तर पाणी आटून नायट्रेटचं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधाची पावडर या पाण्यात कालवायची नाही, उकळूनही नाही. नायट्रेटमुळे तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते. ओठ-नखं निळसर दिसली तर लगेच दवाखाना गाठायचा.

या घराला आरओ हवा, आणि कॉलिफॉर्ममुळे आरओच्या पुढे यूव्हीही हवा. नव्या मेम्ब्रेनमधून ७८० चं पाणी साधारण ६० होऊन येतं असं धरू. नायट्रेट मेम्ब्रेनला बाकीच्या क्षारांपेक्षा थोडं जास्त चकवतं, म्हणून ६२ चं सुरक्षित बाजूने १० धरू. मर्यादेच्या बरंच आत आलं.

या घराला नळाचं पाणी येत असतं, तर सल्ला वेगळा असता. तो पुढे आहे.

## आरओचं पाणी फार कमी टीडीएसचं झालं. मिक्सिंगचा स्क्रू फिरवावा का?

हा स्क्रू म्हणजे टीडीएस कंट्रोलर. तो मेम्ब्रेनमधून न गेलेलं थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात सोडतो आणि चव सुधारते. फिरवण्याआधी आपण नेमकं काय मिसळतोय हे कळायला हवं.

वरच्याच घराचं गणित करू. ६० चं पाणी १५० करायचं आहे. कच्चं पाणी ७८०, म्हणजे दोन्हींत ७२० चा फरक. वाढवायचे ९०. नव्वदला ७२० ने भागलं की ०.१२५ येतं, म्हणजे आठ भागांत एक भाग कच्चं पाणी. नायट्रेट त्याच हिशोबाने १० वरून साडेसोळापर्यंत जाईल. इथवर ठीक. पण चव आणखी गोड लागावी म्हणून तंत्रज्ञाने टीडीएस ४५० वर नेला, तर निम्म्याहून जास्त पाणी कच्चं असेल आणि नायट्रेट ३८ च्या पुढे जाईल. उन्हाळ्यात बोअरचं नायट्रेट वाढलं की ४५ ओलांडायला वेळ लागत नाही. नायट्रेट किंवा फ्लोराईडमुळे आरओ घेतला असेल, तर बाहेरचा टीडीएस १०० ते १५० च्या पुढे नेऊ नका.

दुसरी गोष्ट, मिसळलेलं कच्चं पाणी जंतूंसकट येतं. म्हणून यूव्ही दिवा मिक्सिंगच्या जागेच्या पुढे असायला हवा. झाकण उघडून नळ्यांचा माग काढून बघा. काही मशीनमध्ये कच्च्या पाण्याची नळी यूव्हीनंतर जोडलेली सापडते. तेव्हा ती जोडणी तिथेच बदलून घ्यावी.

टीडीएस पाचशेच्या आत आहे आणि बाकी सगळं मर्यादेत आहे, तर आरओ घेऊच नये, पाणी उगाच वाया जातं. राष्ट्रीय हरित लवादानेही मे २०१९ मध्ये, जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी घालावी, असे निर्देश केंद्र सरकारला दिले होते.

## आरओ किती पाणी वाया घालवतो? त्याचं काय करायचं?

सांडपाण्याच्या नळीवर बोटाएवढा एक प्लास्टिकचा तुकडा असतो, त्याला एफआर म्हणतात. त्यावर ३०० किंवा ४५० असा आकडा असतो. तेवढे मिलिलिटर पाणी दर मिनिटाला बाहेर जातं. ४५० चा असेल तर तासाला २७ लिटर. त्याच तासात नवं घरगुती मेम्ब्रेन साधारण १२ लिटर शुद्ध पाणी देतं. वरच्या घरात पिणं आणि स्वयंपाक मिळून रोज २० लिटर लागले, तर ४५ लिटर बाहेर पडतात.

पाणी वाचवायला ३०० चा एफआर लावला तर तीसच लिटर बाहेर पडतात. पण क्षारही तेवढ्याच कमी पाण्यातून निघतात, त्यामुळे मेम्ब्रेनजवळ त्यांची गर्दी वाढते. सांडपाण्याचं काठिण्य ४५० च्या एफआरला ६०० च्या आसपास येतं, ३०० ला ६९० च्या. एवढ्या जड पाण्यात ३०० चा एफआर मेम्ब्रेनचं आयुष्य खातो. काठिण्य ३०० च्या वर असेल तर ४५० ठेवा आणि बाहेर पडणारं पाणी वापरा, हे आमचं ठाम मत आहे. अँटीस्केलंट गोळ्यांचा छोटा फिल्टरही मेम्ब्रेनआधी असू द्या. गोळ्या विरघळून संपतात, दर सहा महिन्यांनी बघून भराव्या लागतात.

बाहेर पडणाऱ्या या पाण्याचा टीडीएस ११०० च्या आसपास असतो. संडासात टाकायला, अंगण आणि पार्किंग धुवायला ते उत्तम. कुंड्यांना रोज घातलं तर मातीवर पांढरी खार चढते आणि पानांच्या कडा करपतात, म्हणून नको. वॉशिंग मशीन आणि कुलरमध्येही नको. ही नळी वरच्या टाकीत परत सोडायची तर मुळीच नाही. तसं केलं की टाकीतला टीडीएस दिवसेंदिवस चढत जातो, मेम्ब्रेन चोक होतं आणि आंघोळीचं पाणीही खारट होतं.

## बोअरमध्ये कॉलिफॉर्म निघाले. मशीन बसवलं की संपलं का?

नाही, कारण त्याच पाण्याने भांडी धुतली जातात, भाजी धुतली जाते, दात घासले जातात. आधी पाणी आत कुठून शिरतंय ते बघा. केसिंग पाईप जमिनीच्या वर निदान एक फूट असावा, त्याच्या भोवती सिमेंटचा उताराचा ओटा असावा आणि तोंडावर घट्ट झाकण. केसिंग जमिनीलगत कापलेला असेल तर पावसाचं पाणी थेट आत जातं. शौचखड्डा ५० फुटांच्या आत असेल, तर बोअर निर्जंतुक केली तरी काही आठवड्यांत जंतू परत दिसू शकतात. दुसरा स्रोत असेल तर अशा बोअरचं पाणी पिण्याला न वापरणंच बरं.

बोअर निर्जंतुक करायला ब्लीचिंग पावडर लागते. साडेसहा इंची बोअरमध्ये १२० फूट पाणी उभं असेल तर ते साधारण ७८० लिटर भरतं. दर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन हवं, म्हणजे ३९ ग्रॅम. पावडरमध्ये २५ टक्के क्लोरीन धरलं तर १६० ग्रॅम पावडर. उघड्या पाकिटातली जुनी पावडर बाद समजा. ही पावडर प्लास्टिकच्या बादलीत मोकळ्या हवेत कालवा, हातमोजे घाला, डोळे जपा, दुसरं कोणतंही क्लीनर त्यात मिसळू नका. चोथा खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच बोअरमध्ये ओता. मोटर चालवून पाइपाने तेच पाणी पुन्हा बोअरमध्ये सोडा. मग घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा, आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी वास जाईपर्यंत पाणी उपसून टाका, झाडांवर आणि माशांच्या हौदात नको. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासणी.

या सगळ्या काळात आरओचा इनलेट कॉक बंद ठेवा. आरओचं मेम्ब्रेन क्लोरीनने जळतं, आणि कार्बन फिल्टर एवढा मोठा डोस अडवू शकत नाही. एकदा जळलेलं मेम्ब्रेन धुऊन सुधारत नाही.

## पुराचं पाणी बोअरवरून गेलं तर?

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठच्या अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. अशा बोअरचं पाणी ओसरल्यावर स्वच्छ दिसलं तरी वापरू नका. मोटरचं वायरिंग आणि पॅनल आधी तपासून घ्या. मग पाणी निवळशंख होईपर्यंत उपसा, वरीलप्रमाणे निर्जंतुक करा, आणि अहवाल येईपर्यंत पिण्याला दुसरं पाणी आणा. गाळ उरलेलं पाणी आरओला दिलं तर मेम्ब्रेनआधीचा फिल्टर दोन दिवसांत चोंदतो आणि बारीक गाळ मेम्ब्रेनपर्यंत जातो. मशीन स्वतः बुडालं असेल तर फिल्टर, मेम्ब्रेन, साठवण टाकी सगळंच बदलावं लागतं, आणि बऱ्याचदा नवं मशीन स्वस्त पडतं.

## महापालिकेचं पाणीही येतं आणि बोअरही आहे. दोन्ही एकाच टाकीत सोडतो. कोणतं मशीन?

आधी टाक्या वेगळ्या करा. नळाचं पाणी नदीचं असतं, ते बोअरपेक्षा सहसा खूपच मऊ. त्यात बोअर मिसळून ते जड करायचं आणि मग ते काढायला आरओ लावायचा, यात पैसा आणि पाणी दोन्ही जातं. पिण्यासाठी दोनशे लिटरची छोटी टाकी वेगळी बसवून फक्त नळाचं पाणी तिच्यात घ्या आणि स्वयंपाकघरात स्वतंत्र पाईप आणा. गाळाचा फिल्टर, कार्बन आणि यूव्ही एवढं त्याला पुरतं. बोअर आंघोळ, धुणं, संडासाला. पाण्याचा खाडा असेल तेवढे दिवस बोअरचं पाणी प्यायची वेळ येते का, हे बघून मगच आरओचा विचार करा. प्लंबरचं काम एकदाच, फिल्टरचा खर्च मात्र दरवर्षी वाचतो.

टाकी एकच ठेवायची असेल, तर टीडीएस दिवसात सारखा वरखाली होतो हे लक्षात ठेवा. मिक्सिंगचा स्क्रू सकाळी नळाच्या पाण्यावर बसवलेला असतो, आणि संध्याकाळी बोअरचं पाणी आलं की बाहेरचा आकडा वेगळाच निघतो.

## मेम्ब्रेन गेलं हे कसं ओळखायचं? तंत्रज्ञ दरवर्षी बदलायला सांगतो.

तीन आकडे दर महिन्याला वहीत लिहा. आत येणारा टीडीएस, बाहेर येणारा टीडीएस, आणि मेम्ब्रेनमधून एक लिटर शुद्ध पाणी भरायला लागणारा वेळ. बाहेरचा टीडीएस मोजताना मिक्सिंग बंद करा, नाहीतर मेम्ब्रेनचा आकडा मिळणार नाही. दोनशे-तीनशे रुपयांचा साधा मीटर या कामाला चालतो.

नवं असताना ७८० चं ६० होत असेल, तर मेम्ब्रेन ९२ टक्के क्षार अडवतंय. ते ८० टक्क्यांच्या खाली गेलं, म्हणजे बाहेर १५६ च्या वर दिसायला लागलं, की बदलायची वेळ आली. वर्ष झालं म्हणून नाही, आकडा बिघडला म्हणून बदला. उलट जड पाण्यात आठ महिन्यांतही वेळ येऊ शकते. नायट्रेटमुळे आरओ घेतलेल्या घराने वर्षातून एकदा शुद्ध पाण्याचंही नायट्रेट तपासावं, कारण मीटरला ते दिसत नाही.

वेळेचा आकडाही बोलतो. तासाला १२ लिटर म्हणजे लिटरला पाच मिनिटं. टीडीएस चांगला आहे पण लिटरला आठ मिनिटं लागतात, तर मेम्ब्रेनवर चुना बसतोय किंवा त्याआधीचा फिल्टर चोंदलाय. आधी स्वस्तातला फिल्टर बदलून बघा, लगेच मेम्ब्रेन नको. टाकीचं पाणी हिवाळ्यात गार असताना वेग थोडा पडतो, तो दोष नाही. याउलट पाणी पूर्वीपेक्षा जोरात येतंय आणि टीडीएसही चढलाय, तर मेम्ब्रेन फाटलंय, क्लोरीनने जळलंय किंवा हाऊसिंगमधली रबरी रिंग सुटली आहे. रिंग आधी तपासा, ती काही रुपयांची वस्तू आहे.

## टाकी भरली तरी सांडपाण्याची नळी वाहतच राहते. का?

इनलेटवर एसव्ही नावाचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. टाकी भरली की पंप थांबतो आणि हा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. चुन्याचा खडा अडकला की तो अर्धवट उघडा राहतो. मशीनचा प्लग काढून बघा. वीज बंद असतानाही नळी वाहत असेल तर दोष एसव्हीचा, तो बदलायचा. प्लग काढल्यावर नळी थांबली तर टाकीतला फ्लोट अडकला आहे, तो साफ केला की काम होतं. दुरुस्ती होईपर्यंत भिंतीवरचा कॉक हाताने बंद करत जा.

## पंप चालू-बंद होतो, खडखडतो, पाणी कमी येतं. मशीन नवीनच आहे.

वरची टाकी मशीनपासून किती उंच आहे ते मोजा. दहा फूट उंचीला साधारण ०.३ किलोचा दाब मिळतो, आणि बहुतेक घरगुती मशीनना निदान तेवढा लागतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकीच्या जेमतेम चार-पाच फूट खाली स्वयंपाकघर असेल, तर कमी दाबाचा स्विच पंप सारखा थांबवतो. टाकीपासून वेगळी, कमी वळणांची पाईप आणली किंवा टाकीचा चौथरा उंच केला की अडचण सुटते. मोठा पंप लावून सुटत नाही, कारण कमी पडतंय ते पंपाच्या अलीकडचं पाणी.